नामराशी आणि विग्रह

संगणकावर माहिती साठविणाऱ्या कोणत्याही मोठ्या संस्थेत ‘डेटा स्टोरेज ॲक्सेस कंट्रोल पॉलिसी’ अशा मथळ्याचे एखादे टिपण सहज आढळते. पाच नामे एकापुढे एक मांडलेली आहेत; त्यांच्यामध्ये ना शब्दयोगी अव्यय, ना क्रियापद, ना विरामचिन्ह. वाचणारा अर्थ समजला असे धरून पुढे जातो. परंतु त्याला कोणी थांबवून विचारावे की, हे धोरण माहिती कशी साठवावी हेही सांगते, की साठविलेल्या माहितीपर्यंत कोणी पोचावे एवढेच सांगते? आणि ज्याला साठवणीची यंत्रे हाताळण्याची मुभा आहे त्याला त्यांतील माहिती वाचण्याचीही मुभा आहे काय? या प्रश्नांची उत्तरे मथळ्यात नाहीत. ज्या दोघांनी त्या धोरणाखाली सह्या केल्या त्यांनी कदाचित दोन निरनिराळ्या गोष्टी मान्य केल्या असतील, आणि हे त्यांना पहिला तंटा उद्भवेपर्यंत कळणारही नाही.

अशा रचनेस प्रस्तुत लेखात ‘नामराशी’ म्हटले आहे. विसाव्या शतकातील इंग्रजी शास्त्रीय गद्यात नामाला नामच विशेषण म्हणून लावण्याची प्रवृत्ती सतत वाढत गेली, हे डग्लस बायबर व बेथनी ग्रे यांनी मोठ्या लेखसंग्रहांच्या आधारे दाखविले आहे (२०१६). रचनेचा प्रसार नवा असला तरी तिच्यातून उद्भवणारा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचा सर्वांत सूक्ष्म विचार इंग्रजीत नव्हे, संस्कृत व्याकरणात झाला. एकोणिसाव्या शतकात युरोपीय भाषाशास्त्राने संस्कृत व्याकरणातून तत्पुरुष, बहुव्रीहि, द्वंद्व ही नावे उचलली. ब्लूमफील्डच्या १९३३ च्या ग्रंथापर्यंत ती सर्रास वापरात होती. मात्र त्या नावांमागची समास उलगडण्याची रीत त्यांच्याबरोबर तितकीशी गेली नाही. नावे गेली आणि रीत मागे राहिली, याचा परिणाम पुढे दिसेल.

पाणिनीने समासप्रकरणाच्या तोंडाशीच (२.१.१) एक अट घातली आहे: पदांना जोडणारे कार्य ‘समर्थ’ पदांनाच होते. समर्थ म्हणजे काय, यावर पतंजलीच्या महाभाष्यात प्रदीर्घ चर्चा आहे. तेथील एक उदाहरण प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जाणारे आहे. ‘राजाचा पुरुष’ यावरून ‘राजपुरुष’ हा समास होतो. आता ‘भार्या राजाची, पुरुष देवदत्ताचा’ अशा अर्थाचे वाक्य घ्यावे. संस्कृतात त्यातही ‘राज्ञः’ आणि ‘पुरुषः’ ही पदे अगदी शेजारी-शेजारी येतात. तरी तेथे ‘राजपुरुष’ होऊ शकत नाही, कारण राजाचा संबंध मागच्या भार्येशी आहे आणि पुरुषाचा पुढच्या देवदत्ताशी. शेजार आहे, संबंध नाही. पदांच्या या परस्पर अपेक्षेला भाष्यात ‘व्यपेक्षा’ म्हटले आहे. आणि समास झाल्यावर दोन पदे मिळून एकच अर्थ सांगू लागतात त्या अवस्थेला ‘एकार्थीभाव’.

या चर्चेचा दुसरा भाग नामराशीच्या दृष्टीने आणखी उपयोगाचा आहे. ‘संपन्न राजाचा पुरुष’ असे म्हणता येते. पण ‘संपन्नाचा राजपुरुष’ असे म्हणून ‘संपन्न’ हे विशेषण समासाच्या पोटातील राजाला लावता येत नाही. समास झाला की आतील पदाला बाहेरून विशेषण जोडण्याची वाट बंद होते. इंग्रजी नामराशी नेमका हाच निर्बंध पाळत नाही. ‘सेन्सिटिव्ह डेटा स्टोरेज पॉलिसी’ म्हणताना संवेदनशील असते ती माहिती, धोरण नव्हे. परंतु ‘न्यू डेटा स्टोरेज पॉलिसी’ म्हणताना नवे बहुधा धोरण असते. दोन्हींची बाह्य ठेवण एकच. संस्कृत समासाशी तुलना करून इंग्रजी रचनेला ‘इंग्रजीतले समास’ म्हणण्याची प्रथा आहे, पण या एका बाबतीत ती रचना समासाहून बरीच सैल आहे, आणि तिच्यातील संदिग्धतेचा मोठा वाटा या सैलपणातून येतो.

तथापि संस्कृतातही या नियमाला अपवाद आहे. ‘देवदत्ताचे गुरुकुल’ हा प्रयोग भाष्याला मान्य आहे, जरी देवदत्ताचा संबंध कुलाशी नसून पोटातील गुरूशी आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या वृत्तिसमुद्देशात याचा विचार केला आहे. ‘गुरू’ हा शब्दच असा आहे की तो ‘कोणाचा’ ही अपेक्षा आपल्यासोबत घेऊन येतो. समासात शिरला तरी ती अपेक्षा मिटत नाही, म्हणून बाहेरचे पद तिला लागू पडते. असे सापेक्ष शब्द ओळखणे ही नामराशी उकलण्याची खरी किल्ली आहे, हे पुढील उदाहरणात स्पष्ट होईल.

समासाचा अर्थ चुकीचा लागल्याने काय ओढवते याचीही एक कथा परंपरेने जपली आहे. इंद्राने आपल्या मुलाला मारले म्हणून त्वष्ट्याने इंद्राच्या नाशासाठी यज्ञ आरंभिला आणि ‘इंद्रशत्रु’ असा उच्चार केला. अंत्य स्वर उदात्त असता तर तो तत्पुरुष होऊन ‘इंद्राचा संहारक’ असा अर्थ झाला असता. उच्चार झाला तो आद्य पदावर उदात्त ठेवून. त्यामुळे तो बहुव्रीहि ठरला, ‘इंद्र ज्याचा संहारक आहे असा’, आणि यज्ञातून निघालेला वृत्र इंद्राच्याच हातून मेला. महाभाष्याच्या प्रास्ताविक आह्निकात ही कथा व्याकरणाच्या प्रयोजनांपैकी एक म्हणून सूचित केली आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिच्यातील लक्षणीय गोष्ट ही की, बोलताना स्वर जे सांगत असे ते लिहिताना नाहीसे होते. इंग्रजीतही हाच प्रकार आहे. ‘लाइट हाऊस कीपर’ या तीन पदांत दीपगृहाचा राखणदार आणि हलक्या अंगाची गृहव्यवस्थापिका हे दोन अर्थ आघाताने वेगळे होतात. चॉम्स्की व हाले यांच्या १९६८ च्या ग्रंथात या उदाहरणाची आघातदृष्ट्या चिकित्सा आहे. नामराशी मात्र उच्चारण्यासाठी लिहिलेली नसतेच. ती मथळ्यात, कोष्टकात, करारात राहते, आणि तेथे आघात नसतो.

मधल्या काळातील संस्कृत गद्याकडे येथे ओझरते पाहिले तरी पुरे. दंडीने समासांची विपुलता हा ओज-गुण मानून तो गद्याचा प्राण ठरविला, आणि बाणाने कित्येक ओळी व्यापणारे समास रचले. पण बाणाचा एखादा समास वाचकाला नीट न उलगडल्यास वर्णनातील एक छटा निसटते. कोणाचा अधिकार बुडत नाही. शिवाय बाणाचा वाचक विग्रह करण्याची शिस्त शिकून आलेला असे. धोरणपत्रिकेच्या वाचकाविषयी असे गृहीत धरता येत नाही.

आधुनिक भाषाशास्त्राने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला तो रॉबर्ट लीझ यांच्या इंग्रजी नामीकरणावरील १९६० च्या ग्रंथापासून. तेव्हापासून त्याचे दोन भाग वेगवेगळे चालले: एक, कोणते पद कोणाशी जोडायचे; दुसरा, जोडलेल्या दोन पदांत संबंध कोणता.

दुसऱ्या भागाविषयी ज्युडिथ लेव्ही यांनी १९७८ मध्ये असे मांडले की, अशा जोडीमधून एक संबंधदर्शक पद गळालेले असते आणि ते वाचकाला परत मिळविता येते. गळू शकणारी पदे त्यांच्या मते नऊच आहेत: कारण असणे, जवळ असणे, बनविणे, वापरणे, असणे, आत असणे, साठी, पासून आणि विषयी. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘कांदेपोहे’ म्हणजे कांदे घालून केलेले पोहे, असा विग्रह शाळेतच शिकविला जातो. तो मध्यमपदलोपी समास होय. संस्कृत परंपरेत ‘शाकपार्थिव’ हे त्याचे ठरीव उदाहरण: शाकप्रिय असा पार्थिव. गळालेले ‘प्रिय’ हे पद परत आणल्यावाचून अर्थ लागत नाही. परंतु लेव्ही यांच्या आदल्याच वर्षी, १९७७ मध्ये, पामेला डाउनिंग यांनी दाखविले होते की गळालेले पद नेहमीच ठरीव यादीतले नसते. त्यांनी दिलेले उदाहरण ‘ॲपल-ज्यूस सीट’ असे आहे: जेवणाच्या टेबलावर ज्या जागेसमोर सफरचंदाच्या रसाचा पेला ठेवला आहे ती जागा. त्या क्षणी तेथे हजर असणाऱ्याला अर्थ लख्ख कळतो. बाहेरच्याला कधीच कळणार नाही. कार्यालयातील पुष्कळ नामराशी याच जातीच्या असतात. रचणाऱ्याला त्या अतिशय स्पष्ट वाटतात, कारण तो त्या टेबलाशी बसलेला असतो.

पहिल्या भागाचे गणित केनेथ चर्च आणि रमेश पाटील यांनी १९८२ मध्ये मांडले. दोन-दोन गट करीत जायचे असे ठरविले तर तीन पदांची बांधणी २ प्रकारांनी होते, चार पदांची ५, पाच पदांची १४ आणि सहा पदांची ४२ प्रकारांनी. म्हणजे एकेक पद वाढविताना लेखक वाचकाचे काम जवळजवळ तिपटीने वाढवीत असतो. यांतून योग्य बांधणी कशी निवडावी, यावर सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील मार्क लॉअर यांचा १९९५ चा प्रबंध आहे. तीन पदांच्या राशीत दोन रीती संभवतात. एका रीतीने पहिली-दुसरी ही जोडी आणि दुसरी-तिसरी ही जोडी यांत अधिक घट्ट कोणती ते पाहायचे. ही शेजाराची रीत. दुसऱ्या रीतीने पहिल्या पदाचा संबंध दुसऱ्याशी अधिक आहे की, मधले ओलांडून, तिसऱ्याशी, ते पाहायचे. ही अपेक्षेची रीत. लॉअर यांनी ज्ञानकोशातील मजकुरावर दोन्ही तपासल्या आणि दुसरी सरस ठरली.

महाभाष्यातील भार्या आणि देवदत्त येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. शेजार म्हणजे संबंध नव्हे, हे तेथे एका वाक्यात निकाली निघाले होते. यावरून लॉअर यांनी पतंजलीपासून काही घेतले असे मुळीच सुचवावयाचे नाही. हे सादृश्य आहे, ऋण नव्हे. परंतु नावांबरोबर रीतही गेली असती तर शेजाराच्या रीतीला इतका काळ स्वयंसिद्ध मानले गेले नसते, असे म्हणण्यास जागा आहे. लॉअर यांनी जोडीतील संबंध सांगण्यासाठी इंग्रजीतील आठ शब्दयोगी अव्यये पुरेशी मानली, हेही येथे नोंदविण्यासारखे आहे. अव्यय घालून संबंध सांगणे म्हणजे विभक्ती घालून विग्रह करणेच होय.

व्यवहारात या प्रश्नावर जो उपाय निघाला तो याहून ठोकळ होता. युरोपातील विमान-उद्योगाच्या संघटनेने विमानांच्या देखभाल-पुस्तकांसाठी १९८६ मध्ये सोप्या इंग्रजीची नियमावली काढली. तीच पुढे एएसडी-एसटीई १०० या नावाने प्रसिद्ध झाली. नामांचा समूह तीन पदांहून मोठा करू नये, असा तिचा नियम आहे. नियम उपयुक्त आहे, कारण तो १४ शक्यता २ वर आणतो. पण तो केवळ बांधणीकडे पाहतो, संबंधाकडे नाही. ‘स्टोरेज ॲक्सेस पॉलिसी’ ही रास तीनच पदांची आहे आणि नियमात बसते. तरीही साठवणीची यंत्रे कोणी हाताळावी आणि साठविलेले कोणी वाचावे हे दोन अर्थ तिच्यात जसेच्या तसे राहतात. मोजणी करून संदिग्धता संपत नाही. तिच्यासाठी विग्रहच करावा लागतो.

तो आरंभीच्या पाच पदांवर करून पाहू.

प्रथम शेवटचे पद पाहावे, कारण प्रधानपद तेच: पॉलिसी, धोरण. ही वस्तू एक धोरण आहे. बाकी सर्व त्याचे विशेषण. येथेच एक पोटप्रश्न उद्भवतो. संगणकक्षेत्रात ‘पॉलिसी’ म्हणजे माणसांनी वाचावयाचा लेखही असतो आणि यंत्राने पाळावयाची नियमांची फाइलही असते. मथळा टिपणाचा असल्यामुळे येथे पहिला अर्थ धरता येतो.

नंतर राशीत आधीपासून घट्ट झालेल्या जोड्या कोणत्या ते शोधावे. कसोटी अशी की, ती जोडी त्याच लेखात अन्यत्र एकटी येते काय आणि तिची व्याख्या दिलेली आहे काय. ‘ॲक्सेस कंट्रोल’ ही संगणकसुरक्षेतील रूढ संज्ञा आहे. ‘डेटा स्टोरेज’ हीही तशीच. या जोड्यांत एकार्थीभाव झालेला आहे, म्हणून त्या फोडू नयेत. उकलण्याच्या उत्साहात रूढ संज्ञा फोडली तर जाणकार वाचक बुचकळ्यात पडतो. ही काही निराळीच वस्तू असावी असे त्याला वाटते. नवशिक्या संपादकांच्या हातून हा दोष वारंवार घडतो.

एवढ्याने १४ बांधण्यांपैकी बहुतेक गळून पडतात. शेजाराच्या मोहाने ‘स्टोरेज ॲक्सेस’ अशी तिसरी जोडी दिसू लागते, कारण ‘ॲक्सेस’ला दोन्ही बाजूंनी ओढ आहे. ही ओढ खोटी नाही. तिचा उलगडा सापेक्ष शब्दांच्या विचाराने होतो. पाच पदांपैकी तीन क्रियावाचक आहेत: साठविणे, पोचणे, नियंत्रण करणे. गुरूप्रमाणे प्रत्येकाच्या पोटात अपेक्षा आहेत. तेव्हा त्यांची क्रियापदे करून प्रत्येकाचा कर्ता आणि कर्म विचारावे. साठवायचे काय? माहिती, हे राशीत आहे. नियंत्रण कशाचे? पोचण्याचे, हेही आहे. पोचायचे कशापर्यंत? येथे उत्तर दुभंगते: माहितीपर्यंत, की साठवणीच्या यंत्रांपर्यंत? ‘स्टोरेज’ हा शब्द क्रियेचाही वाचक आहे आणि स्थानाचाही, म्हणून दोन्ही संभवतात. पोचणारा कोण? नियंत्रण करणारा कोण? पोचून वाचायचे, की बदलायचे, की पुसूनही टाकायचे? यांची उत्तरे राशीत मुळीच नाहीत.

याखेरीज एक तिसरा अर्थ उरतो, आणि तो कंस घालून सापडत नाही. ‘डेटा स्टोरेज’ आणि ‘ॲक्सेस कंट्रोल’ या दोन जोड्यांत तत्पुरुष न मानता द्वंद्व मानले तर धोरण दोन विषयांचे होते: माहितीची साठवण, आणि तिच्यापर्यंतच्या पोचेचे नियंत्रण. बांधणी तीच, संबंध निराळा. १४ ही संख्या बांधण्यांची आहे, अर्थांची नाही.

आता या तिहींपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे मथळ्याकडे अधिक टक लावून पाहिल्याने कळणार नाही. लेखाच्या अंतरंगात शिरले पाहिजे. माहिती किती वर्षे ठेवावी, ती सांकेतिक रूपात ठेवावी काय, प्रती किती असाव्यात, अशी कलमे असतील तर द्वंद्व. यंत्रे जोडणे, जागा वाढविणे, भांडार पुसणे यांचे अधिकार वाटलेले असतील तर स्थानवाचक अर्थ. कोणत्या विभागाने कोणती कागदपत्रे पाहावी वा बदलावी याची कोष्टके असतील तर माहितीवाचक अर्थ. आणि कलमे सरमिसळ असतील तर दोष मथळ्याचा नाही, लेखकाचाच निश्चय झालेला नाही. तेथे उकलणाऱ्याने स्वतःच्या पसंतीचा अर्थ भरू नये, लेखकाला विचारावे.

उलटपक्षी प्रत्येक संदिग्धतेमागे धावण्याचेही कारण नाही. ‘साठविलेल्या माहितीच्या पोचेच्या नियंत्रणाचे धोरण’ आणि ‘माहितीच्या साठवणीसाठी केलेले, पोच-नियंत्रणाचे धोरण’ या दोन बांधण्या कंसांत वेगळ्या दिसल्या तरी, कलमे तीच असल्यास, व्यवहारात एकाच ठिकाणी पोचतात. कोणाचाही अधिकार किंवा जबाबदारी बदलत नसेल तर दोन कंसांतील भेद सोडून द्यावा.

मराठीत हा प्रश्न भाषांतराच्या वाटेने शिरला. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि इंग्रजीतील कार्यालयीन संज्ञांना मराठी प्रतिशब्द देण्याचे काम पद्धतशीर सुरू झाले. प्रतिशब्द पदागणिक असत. पण राशीची भाषांतरेही पदागणिक होऊ लागली. ‘माहिती साठवण प्रवेश नियंत्रण धोरण’ ही त्या वळणाची रचना. मराठीच्या प्रकृतीला ती मानवत नाही, कारण मराठी नाम दुसऱ्या नामाशी संबंध जोडताना सामान्यरूप आणि प्रत्यय घेते, किंवा समास होऊन जोडून लिहिले जाते. सुट्या, प्रत्ययहीन पदांची रांग या दोहोंपैकी काहीच करीत नाही. ‘माहितीसाठवण प्रवेशनियंत्रण धोरण’ असे जोडून लिहिले तरी निदान बांधणी दिसते. मराठी लेखनपद्धतीतले हे साधन आयते हाताशी असून वापरले जात नाही, ही खेदाची गोष्ट होय. ‘प्रवेश’ हा शब्दही येथे दिशाभूल करतो. तो दाराचा शब्द आहे. वाचकाच्या मनात खोली उभी राहते आणि अर्थ आपोआप यंत्रांच्या बाजूला झुकतो.

याहून फसवा प्रकार षष्ठीचा. ‘माहितीच्या साठवणीच्या प्रवेशाच्या नियंत्रणाचे धोरण’ असे लिहून रास उकलली असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ‘चा’ हा प्रत्यय संबंध आहे एवढेच सांगतो, कोणता ते सांगत नाही. ‘साठवणीचा प्रवेश’ म्हणजे साठवणीत प्रवेश, साठवणीसाठी प्रवेश, की साठविलेल्याकडे प्रवेश, हे पूर्वीइतकेच अंधारात राहते. नामे तितकीच उरली. मध्ये फक्त ‘च्या’ आले. क्रियावाचक नामांची क्रियापदे झाली आणि त्यांच्या कर्त्याकर्मांना जागा मिळाली म्हणजेच विग्रह झाला. मग तिन्ही अर्थ आपोआप तीन वाक्यांत वेगळे होतात. साठविलेली माहिती कोणी पाहावी, बदलावी व काढून टाकावी हे ठरविणारे धोरण, हा एक. माहिती साठविणारी यंत्रे कोणी हाताळावी हे ठरविणारे धोरण, हा दुसरा. माहिती कशी साठवावी आणि तिच्यापर्यंत कोणी पोचावे हे ठरविणारे धोरण, हा तिसरा.

ही वाक्ये मथळ्याला लांब पडतात, आणि कोष्टकाच्या रकान्यात तर मावणारच नाहीत. यावर एक सोपी तडजोड आहे. टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात पूर्ण वाक्य द्यावे आणि तेथेच ‘यापुढे यास पोच-धोरण म्हटले आहे’ असे लिहून ठेवावे. नंतर छोटे नाव कितीही वेळा आले तरी बिघडत नाही, कारण त्याचा विग्रह एकदा कागदावर झालेला आहे. हे न करता पाच पदांची आद्याक्षरे घेऊन नवे नाव बनविण्याची जी चाल पडली आहे तिने मात्र उरलीसुरली वाटही बुजते. आद्याक्षरांना ना विभक्ती विचारता येते, ना कर्ता.